टीव्हीला वायरलेस कीबोर्ड, माउस आणि एअर माउस जोडणे

रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडत पत्ता किंवा पासवर्ड टाकणे फार वेळखाऊ असते. म्हणून ब्राउझिंगसाठी टीव्हीला कीबोर्ड-माउस किंवा हातात धरून हवेत वळवायचा एअर माउस जोडतात. अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्हीवर दोन्ही चालतात. इतर काही प्रणालींत मात्र माउसचा कर्सर फक्त ब्राउझरमध्ये दिसतो, बाकीच्या ॲपमध्ये नाही. तो दोष उपकरणाचा नसतो.

ब्लूटूथ कीबोर्ड सेटिंग्जमधील Remotes & Accessories या भागातून जोडतात. डोंगलवाला, म्हणजे छोट्या यूएसबी रिसीव्हरसह येणारा संच त्याहून सोपा: डोंगल यूएसबी पोर्टात घातला की काही सेकंदांत कर्सर येतो. बाणांच्या कळा रिमोटसारख्या चालतात, Enter म्हणजे ओके आणि Esc म्हणजे मागे.

कर्सर अडखळत चालला किंवा अक्षरे गळू लागली, की बहुतेक जण आधी सेल बदलतात. सेल नवे असूनही त्रास राहिला, तर डोंगलची जागा पाहावी. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि टीव्हीमागच्या पोर्टात बसला की पॅनेलचा धातू त्याच्या आड येतो. शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टात हार्ड डिस्क चालू असेल तर आणखी भर पडते, कारण त्या जोडणीतून याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. ओळखायची खूण सोपी आहे: हार्ड डिस्क काढताच कर्सर सुरळीत होतो. अशा वेळी मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टीव्हीच्या पुढे, सोफ्यावरून दिसेल असा आणावा. टीव्हीचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेल्यानेही फरक पडतो.

एअर माउसमध्ये जायरोस्कोप असतो. आपण पडद्यावर नेमके कुठे रोखले आहे हे त्याला कळत नाही. मनगट किती वळले एवढेच तो मोजतो. म्हणून थोड्या वेळाने हात डावीकडे आणि कर्सर मध्यभागी अशी गल्लत होते. कर्सर उजव्या कडेला टेकवावा, तो तिथे अडला तरी हात तसाच उजवीकडे वळवत राहावा आणि मग परत आणावा. दोघांचा मेळ बसतो. हात स्थिर असूनही कर्सर एका बाजूला सरकत राहिला, तर जायरोस्कोपचा शून्यबिंदू ढळलेला असतो. तापमान बदलल्यावर हे होते. बऱ्याच एअर माउसांत तो टेबलावर सपाट ठेवून काही सेकंद न हलवल्यास शून्यबिंदू पुन्हा जुळतो. काहींत त्यासाठी ठरावीक कळा एकत्र दाबाव्या लागतात. बारीक लिंकवर क्लिक करताना बोटाच्या दाबानेही नेम चुकतो, तेव्हा कर्सर गोठवण्याचे बटण असलेला एअर माउस घेणे चांगले.

टीव्ही बंद झाल्यावर पोर्टाचा वीजपुरवठा थांबत असेल, तर डोंगलमार्फत टीव्ही चालू करता येत नाही. त्यासाठी एअर माउसचे पॉवर बटण मूळ रिमोटसमोर धरून त्याचा इन्फ्रारेड संकेत शिकवून ठेवतात. तशी सोय नसेल तर मूळ रिमोट हाताशी ठेवावाच लागतो.