टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया (मुलांमधील)

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या टॉन्सिल या लसिकाभ ऊतींच्या गाठी शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा निर्णय प्रामुख्याने दोन कारणांनी घेतला जातो: घशाचा वारंवार होणारा संसर्ग आणि झोपेत श्वासाला होणारा अडथळा. तपासणीत टॉन्सिल मोठ्या दिसल्या, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. लहान वयात त्या मोठ्या असणे स्वाभाविक आहे.

संसर्गाच्या बाबतीत आजाराच्या खेपा मोजाव्या लागतात. जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग येथे केलेल्या व 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील मोजमाप आजही प्रमाण मानले जाते. त्यानुसार एका वर्षात किमान सात, सलग दोन वर्षे दरवर्षी पाच किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन खेपा व्हाव्या लागतात. शिवाय प्रत्येक खेपेत घसादुखीबरोबर 38.3 अंश सेल्सिअसहून अधिक ताप, मानेत सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरट पू किंवा तपासणीत स्ट्रेप्टोकॉकस जंतू यांपैकी एक तरी गोष्ट नोंदलेली असावी लागते. समजा, सहा वर्षांच्या मुलीचा घसा वर्षात आठ वेळा धरला असे आई सांगते, पण केसपेपर चाळल्यावर त्यांतल्या चारच खेपांना ताप वा पू आढळतो आणि उरलेल्या वेळी नाक वाहत होते, खोकला होता, म्हणजे साधी सर्दी होती. अशा मुलीची शस्त्रक्रिया न करता पुढील खेपांची नोंद ठेवत वर्षभर वाट पाहणे योग्य, कारण अनेक मुलांचा हा त्रास आपोआप कमी होतो. अनेक प्रतिजैविकांची ॲलर्जी असेल किंवा टॉन्सिलभोवती एकाहून अधिक वेळा गळू झाले असेल, तर संख्या भरत नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करतात.

हीच मुलगी रोज रात्री घोरत असेल, मान मागे टाकून तोंड उघडे ठेवून झोपत असेल, मध्येच श्वास थांबून धाप लागल्यासारखी दचकत असेल, तर संसर्गाची मोजणी गौण ठरते. अंथरूण ओले होणे, दिवसा चिडचिड, अभ्यासात मागे पडणे आणि वाढ खुंटणे ही लक्षणे सोबत असल्यास शस्त्रक्रियेचे कारण अधिक बळकट होते. आईवडिलांनी झोपेतील श्वासाचे मोबाइलवर केलेले चित्रण येथे फार उपयोगी पडते. मूल दोन वर्षांपेक्षा लहान किंवा लठ्ठ असेल, त्याला डाउन सिंड्रोम असेल किंवा टॉन्सिलचा आकार आणि सांगितलेला त्रास यांचा मेळ बसत नसेल, तर आधी रात्रभराची निद्राचाचणी करून घेतात.

अमेरिकेत झोपेत श्वासाला अडथळा होणाऱ्या पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या 79 टक्के आणि केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या 46 टक्के मुलांची निद्राचाचणी सामान्य आली. वागणूक सुधारली; एकाग्रतेच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही, आणि हे पालकांना आधीच सांगायला हवे. लठ्ठ मुलांमध्ये अडथळा उरण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्रास टिकल्यास चाचणी पुन्हा करावी लागते.