बेळगावात फ्लॅट घेताना हातात किती रोकड हवी?

कोल्हापूरचे पाहुणे सांगतात, "नोंदणी फी तीस हजारच लागते." त्यांचं खरं आहे, पण ते महाराष्ट्रात. तिथे या फीला तीस हजारांची मर्यादा आहे, कर्नाटकात नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून इथे ती सरळ २ टक्के झाली आहे. पूर्वी १ टक्का होती, म्हणून जुना हिशेब धरून बसू नका.

टिळकवाडीत ४० लाखांचा वापरलेला फ्लॅट घेताय असं समजा. स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के सेस आणि शहरात २ टक्के सरचार्ज, म्हणजे एकूण ५.६ टक्के: २,२४,००० रुपये. नोंदणी ८०,०००. दोन्ही मिळून ३,०४,०००.

बिल्डरकडून पहिल्यांदाच नोंदला जाणारा, २० लाखांच्या वरचा पण ४५ लाखांपर्यंतचा फ्लॅट असेल तर ड्युटी ३ टक्केच लागते, सेस-सरचार्ज धरून ३.३६. चाळीस लाखांवर ८९,६०० वाचतात. वापरलेल्या फ्लॅटला ही सवलत नाही. मात्र बांधकाम चालू असेल तर जीएसटी लागतो, तो वेगळा धरा.

आता बँक. ३० ते ७५ लाखांच्या कर्जावर किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात, आणि त्या किमतीत ड्युटी-नोंदणी धरत नाहीत. म्हणजे ३२ लाख बँकेचे, ८ लाख तुमचे आणि वरचे ३,०४,००० हेही तुमचेच. एजंटाला १ टक्का ठरला तर ४०,०००. वकिलाची तपासणी आणि खरेदीखत २०,०००, बँकेची प्रोसेसिंग वगैरे २०,००० धरा. किचन ट्रॉली, कपाटं, पंखे, पडदे यांना मी अडीच लाख धरतो. त्याखाली भागतं म्हणणाऱ्यानं बहुधा कपाटं अजून केलेली नसतात. किमतीखेरीज झाले ६,३४,०००. स्वतःचे ८ लाख धरून १४,३४,०००. संचकाराची, म्हणजे विसाराची, रक्कम त्या ८ लाखांतच मोडते.

फसगत होते ती गाईडन्स व्हॅल्यूत. सरकारी दर ४३ लाख निघाला, तर व्यवहार ४० चा असला तरी ड्युटी आणि नोंदणी फी ४३ वर लागते, मिळून २२,८०० जादा. त्यामुळे संचकार देण्याआधी नोंदणी खात्याच्या कावेरी साईटवर ही किंमत बघा.

कागद: दोघांचे आधार व पॅन, ई-खाता उतारा, बोजा दाखवणारा ईसी, मूळ खरेदीखत, घरपट्टीची पावती, आणि विकणाऱ्याचं कर्ज असेल तर त्याच्या बँकेची एनओसी. उताऱ्यावरचं नाव आणि खरेदीखतातलं नाव जुळतं का, ते आधी पाहा. कानडीत लिहिताना आडनाव बदललेलं असतं, आणि दुरुस्तीत दिवस जातात.

कावेरी २.० वर मसुदा अपलोड करा. सब-रजिस्ट्रारनं तपासल्यावर ऑनलाईन पैसे भरायचे, मगच नोंदणीची वेळ मिळते. बँकेचा चेक नोंदणीच्या दिवशी विकणाऱ्याला जातो, तेव्हा हे ३,०४,००० त्याआधीच तुमच्या खात्यात हवेत.