यवतेश्वर घाटात मॅक्स हार्ट रेट काढताना : आमच्या ग्राहकांसाठी

हिल मॅरेथॉन जवळ आली की दुकानात एकच तक्रार येते: "छातीवरचा पट्टा खराब आहे, घड्याळ २०३ ठोके दाखवतंय." दहातले आठ पट्टे ठणठणीत असतात, बिघडलेला असतो तो आकडा. म्हणून हे लिहून ठेवलंय.

२२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना माहीत आहे. ते सरासरीपुरतं ठीक आहे, पण एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरकही सहज पडतो. म्हणून खरा आकडा चढावर काढायचा. चढावर वेग कमी असतो, पायांना सपाटीच्या स्प्रिंटइतका दणका बसत नाही आणि पाय हरण्याआधी हृदय आपल्या टोकाला पोहोचतं.

पद्धत अशी. आदल्या दिवशी हलका व्यायाम आणि पुरेशी झोप. पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत जा. कासच्या सीझनमध्ये शनिवार-रविवार टाळाच. वीस मिनिटं रमतगमत पळून अंग तापवा. मग एकसारख्या चढाचा तीन मिनिटांचा तुकडा निवडा. पहिल्यांदा जोरात, पण थोडं राखून पळा आणि सावकाश चालत खाली या. दुसऱ्यांदा त्याहून जोरात. तिसऱ्यांदा दोन मिनिटं तसंच आणि शेवटचं मिनिट असेल नसेल ते सगळं. सर्वांत मोठा आकडा थांबण्याच्या आसपास, कधी थांबल्यावर काही सेकंदांनी येतो. संपल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते, म्हणून दहा मिनिटं चालत राहा. सोबत एक माणूस हवाच.

आता ज्या चुकीत आमचा निम्मा वेळ जातो ती. ॲपमधला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे मॅक्स नव्हे. कोरडा पट्टा आणि वर वाऱ्यात फडफडणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट असला की पहिल्या दहा मिनिटांत खोटी उसळी येते, कारण घाम येईपर्यंत पट्ट्याला कातडीवरचा सिग्नल नीट मिळत नाही. मनगटावरच्या घड्याळाची गंमत वेगळी. ते कधी कधी ठोक्यांऐवजी पावलं धरतं. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर हार्ट रेटही १७०च्या आसपास चिकटून बसतो.

सेहेचाळीस वर्षांचे एक ग्राहक धरा. सूत्राने त्यांचे १७४. घड्याळात २०३. आलेख उघडला तर हे २०३ वॉर्मअपच्या चौथ्या मिनिटाला, ११८वरून दोन सेकंदांत उडी मारून आणि लगेच खाली. हृदय असं वागत नाही. खरा ठोका पायरी-पायरीने चढतो आणि थांबल्यावर हळूहळू उतरतो. त्याच आलेखात तिसऱ्या चढाच्या शेवटी रेषा १८०, १८४, १८६ अशी चढून काही सेकंद टिकली होती. मॅक्स १८६. आता सोप्या धावेसाठी ७० टक्क्यांचा हिशेब करा: २०३ धरले तर १४२, १८६ धरले तर १३०. म्हणजे सोप्या धावेच्या नावाखाली हे गृहस्थ रोज बारा ठोके जास्त पळत होते आणि पाय भरून येतात म्हणून आमच्याकडे नवे बूट मागत होते. बूट आम्ही आनंदाने विकतो, पण असे नाही.

यावर उपाय सोपा आहे. पट्ट्याच्या आतल्या दोन्ही पॅडना पाणी लावा, पट्टा छातीखाली घट्ट बसवा आणि सेन्सर सैल झालेल्या इलॅस्टिकवर लटकवू नका. धावून आल्यावर सेन्सर काढून पट्टा साध्या पाण्यात खंगाळा. घामाचं मीठ साचलं की सिग्नल तुटतो. नुसता पट्टा बदलून मिळतो, सबंध सेट घ्यायची गरज नाही.

काहींना आम्ही ही चाचणी करू नका असं तोंडावर सांगतो आणि काही जण रागावतात. हृदयाचा आजार, छातीत दुखणं, व्यायाम करताना चक्कर किंवा धडधड, आटोक्यात नसलेला बीपी, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, गरोदरपण, नुकताच ताप किंवा डेंग्यू होऊन गेलेला: यांपैकी काहीही असेल तर घाटात जाऊ नका. चाळिशी उलटून बऱ्याच वर्षांनी पळायला लागलेल्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. ते म्हणतील तर ट्रेडमिलवरची टीएमटी त्यांच्या देखरेखीखाली होते. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल तर ठोके पुरेसे वर जात नाहीत, आकड्याला अर्थ राहत नाही. चाचणीसाठी गोळी बंद करणं तर अजिबात नको. या सगळ्यांसाठी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने पळणं ही सोपी कसोटी आहे आणि तिला घड्याळही लागत नाही.

चाचणीच्या मध्येच छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठोक्यांची लय चुकल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, आकड्यासाठी पुढचं मिनिट ओढू नका. चालत उतरूही नका, गाडीने थेट दवाखाना गाठा.

आलेख पाहिल्याशिवाय आम्ही पट्टा बदलून देत नाही किंवा घड्याळात झोन भरत नाही, यावर काहींची नाराजी असते. आलेख वाचायला पाच मिनिटं लागतात आणि आमच्याकडून घेतलेल्या घड्याळासाठी त्याचे पैसे नाहीत. येताना फोन, घड्याळ आणि पट्टा तिन्ही आणा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत फक्त मोठा आकडा दिसतो, उसळी दिसत नाही.