लसूण तेलात बुडतो तेव्हा

परवा भाचीकडे गेले होते. ओट्यावर, शेगडीच्या मागे, काचेची एक देखणी बरणी ठेवलेली होती. सोनेरी तेल आणि त्यात मऊ झालेल्या, पिवळसर लसणाच्या पाकळ्या. "आत्या, हे गार्लिक कॉन्फी. सोललेला लसूण तेलात घालून अगदी मंद आचेवर तासभर ठेवायचा. पावाला लावून बघ, लोण्यासारखा पसरतो." किती दिवस झाले विचारलं, तर म्हणाली, "दहा-बारा झाले असतील. खराब नाही होत गं, सगळं तेलात बुडलंय ना."

तेलात बुडलंय, घोळ तिथेच आहे. तेलाने पदार्थ टिकतो हे आपण लोणच्यावरून शिकलो. पण तेल एकच काम करतं, ते पदार्थापर्यंत हवा पोचू देत नाही. बुरशीला हवा लागते, म्हणून तेलाखाली बुरशी धरत नाही. उलट ज्यांना हवा सोसतच नाही असे काही जीवाणू असतात, त्यांची तेलाखाली छान सोय होते. क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा त्यातला सगळ्यात घातक.

हा जीवाणू मातीत राहतो. लसूण मातीत वाढतो, त्यामुळे त्याच्या सालीवर, मुळांच्या बेचक्यात या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे कवचात झोपी गेलेला जीवाणू. आपण रोज भाजीपाल्याबरोबर असे थोडेबहुत बीजाणू खातो आणि मोठ्या माणसाला त्याने सहसा काही होत नाही. ते जागे व्हायला चार गोष्टी जुळून याव्या लागतात: हवा नसणं, पुरेसं पाणी, आंबटपणाचा अभाव आणि खोलीइतकी ऊब. तेलातल्या पाकळीत चारही आहेत. पाकळीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. तिचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 5.3 ते 6.3 असतो आणि 4.6 च्या वर हा जीवाणू वाढू शकतो. हवा तेलाने अडवलेली असते, आणि ऊब शेगडीमागच्या ओट्यावर भरपूर.

"पण मी तर तासभर शिजवलाय," असं भाची म्हणालीच. तेल कितीही तापलं तरी पाकळीत पाणी आहे तोवर तिचं पोट साधारण 100 अंशांच्या पुढे जात नाही, कारण उष्णता ते पाणी उकळण्यातच खर्च होते. बॉट्युलिनमचे बीजाणू उकळत्या पाण्यात काही तास तग धरू शकतात. डबाबंद पदार्थांचे कारखाने ते मारायला वाफेच्या दाबाखाली 121 अंशांपर्यंत जातात. कॉन्फीची मंद आच इतर साधे जीवाणू मारते, म्हणजे स्पर्धक हटवते, आणि हे बीजाणू मात्र मागे राहतात. मग बरणी गार होते आणि मैदान मोकळं. (कुकरमध्ये तेल घालून 121 गाठायचा विचार कोणी करत असेल तर कृपया करू नका. कुकर पाण्याच्या वाफेसाठी आहे, गरम तेलासाठी नाही.)

हे पुस्तकी भय नाही. 1985 च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये सोयाबीन तेलातला चिरलेला लसूण वापरात होता. बाटलीबंद, कारखान्यातून आलेला. तो फ्रिजमध्ये न ठेवता बाहेर ठेवला जात होता आणि त्यापासून केलेलं लसूण-लोणी सँडविचच्या पावाला लावलं जात होतं. तिथे जेवलेली 36 माणसं आजारी पडली. त्यांतले बरेच जण प्रवासी होते, आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले, तेही वेगवेगळ्या देशांत. त्यामुळे प्रत्येक डॉक्टरसमोर एकच विचित्र रुग्ण होता. कुणाला पक्षाघात झालाय असं ठरवलं गेलं, कुणाला मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार, तर काहींना चक्क मानसिक आजार. एकाच घरातल्या आई आणि मुली सारख्याच लक्षणांनी आजारी पडल्या तेव्हा कुठे बॉट्युलिझमचा संशय आला आणि धागा मागे जात त्या लसणापर्यंत पोचला.

चारच वर्षांनी, 1989 मध्ये, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला ऑलिव्ह तेलातल्या लसणामुळे तिघांना हाच आजार झाला. त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने नुसत्या फ्रिजच्या भरवशावर असलेला तेलातला लसूण विकायला मनाई केली. त्यात आम्ल किंवा जीवाणू रोखणारा दुसरा घटक हवाच असं ठरलं. आज दुकानातल्या अशा बाटलीवर सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल लिहिलेलं दिसतं ते त्यामुळे. घरच्या बरणीत ते नसतं.

जीवाणू वाढताना जे विष सोडतो ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. म्हणून सुरुवात डोळ्यांपासून होते: पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात. तोंड कोरडं पडतं, बोलणं अडखळतं, घास गिळवत नाही. मग अशक्तपणा मानेवरून हातांकडे, छातीकडे उतरत जातो. ताप सहसा नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. बहुधा 12 ते 36 तासांत हे सुरू होतं, पण काही दिवसही लागू शकतात, तोवर आपण ते जेवण विसरलेलो असतो. अशी लक्षणं दिसली तर थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि तेलातला लसूण खाल्ला होता हे आपणहून सांगायचं. प्रतिविष उपलब्ध आहे, पण ते रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करतं. जे मज्जातंतूंना आधीच चिकटलंय ते सोडवता येत नाही. श्वास अडला तर तंतू पुन्हा कामाला लागेपर्यंत आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर काढावे लागतात.

आणि वास? लोक वासावर फार विश्वास टाकतात. या जीवाणूचे काही प्रकार घाण वास सोडतात, काही मुळीच नाहीत. शिवाय लसणाच्या उग्र वासाखाली काय कळणार! विषाला चव नाही, रंग नाही. भाचीच्या बरणीतलं तेल स्वच्छ होतं आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

मग आपलं लसणाचं लोणचं कसं टिकतं? आई लोणचं घालायची तेव्हा क्रम असा असायचा: सोललेल्या पाकळ्यांना आधी भरपूर मीठ आणि लिंबाचा रस. त्या त्यात काही दिवस मुरायच्या, बरणी रोज हलवली जायची. मोहरी-तेलाची गार केलेली फोडणी सगळ्यात शेवटी. म्हणजे आंबट आणि खारट आधी पाकळीत शिरतं आणि तेल नंतर वरून झाकण घालतं. क्रम उलटा केला, म्हणजे आधी तेलात बुडवलं आणि वरून लिंबू पिळलं, तर रस तेलात मिसळतच नाही. थेंब होऊन तळाशी बसतो. हल्ली 'कमी मिठाचं, कमी आंबट' लोणचं करायची हौस असते. त्या लोणच्याला टिकण्याचा आधारच उरत नाही, ते फ्रिजमध्येच ठेवावं.

अमेरिकेतल्या ऑरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो इथल्या विद्यापीठांच्या विस्तार विभागाने घरगुती लसूण-तेलासाठी एक पद्धत तपासून प्रसिद्ध केली आहे. तिचाही क्रम हाच: आधी आम्ल, मग तेल. त्यांनी लिंबूरसाऐवजी सायट्रिक आम्ल घेतलं, कारण त्याची ताकद दरवेळी सारखी असते. वाण्याकडे लिंबूफूल किंवा लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. द्रावण 3 टक्क्यांचं हवं. 100 ग्रॅम सोललेला लसूण असेल तर 300 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम लिंबूफूल विरघळवा. हे 3 टक्क्यांहून किंचित जास्त होतं, ते चालतं. कमी चालत नाही, म्हणून चमच्याऐवजी वजनकाटा वापरा. लसूण बारीक चिरायचा, तुकडा 6 मिलिमीटरहून मोठा नको, कारण अख्ख्या पाकळीच्या गाभ्यापर्यंत आम्ल वेळेत पोचत नाही. तुकडे द्रावणात पूर्ण बुडलेले राहतील असं पाहून किमान 24 तास ठेवायचे. तरंगत असतील तर वर एक छोटी वाटी दाबून ठेवा. एखादा तुकडा हिरवा-निळा पडला तर घाबरू नका, आम्लात लसणाचं असं होतं आणि ते निरुपद्रवी आहे. मग पाणी चांगलं निथळून लसणाच्या दहापट तेल घ्यायचं. 100 ग्रॅमला साधारण किलोभर. एक ते दहा दिवसांत स्वाद उतरला की गाळून घ्यायचं.

हीच पद्धत बेसिल, ओरेगॅनो आणि रोझमेरीसाठीही तपासलेली आहे, पण पानं हलकी आणि जागा जास्त घेणारी, म्हणून त्यांना वजनाच्या दहापट द्रावण लागतं. कढीपत्ता, हिरवी मिरची, कोथिंबीर यांच्यासाठी ती तपासलेली नाही, तेव्हा अंदाजाने त्यांना लावू नये.

एवढी खटपट नको असेल तर कोरडा माल वापरा. कडकडीत वाळलेला लसूण, सुकी लाल मिरची, वाळवलेली पानं यांत जीवाणूला लागणारं पाणीच नसतं, म्हणून त्यांचं तेल बाहेर ठेवलं तरी चालतं. वाळलेला म्हणजे बोटांनी मोडताना कट्‌कन तुटणारा. चामड्यासारखा वाकला तर तो वाळलेला नाही. चिली ऑइलची गडबड इथेच होते. सुक्या मिरचीवर गरम तेल ओततात, ते ठीक, पण सोबत ताजा ठेचलेला लसूणही घालतात. तेल त्याच्यावर पडताच गार होतं आणि लसूण आतून ओलाच राहतो.

ताज्या लसणाचं तेल हवंच असेल तर थोडं करा, गार होताच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. बरणी फ्रिजच्या दारात नको, तिथे सारखी ऊब लागते. आतल्या कप्प्यात ठेवा. वीज बराच वेळ गेली असेल तर चार दिवसांचा हिशेबही विसरा. याहून जास्त टिकवायचं तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरला लावा, गोठलेल्या तेलात जीवाणू वाढत नाही. लागेल तसा एकेक खडा थेट गरम तव्यावर टाकता येतो.

भाचीचा शेवटचा प्रश्न होता, "मग हे आता उकळून घेऊ का?" खरं तर विष बीजाणूंइतकं चिवट नसतं, 85 अंशांवर पाच मिनिटांत ते नष्ट होतं. पण जाड पाकळीच्या पोटात तेवढी उष्णता तेवढा वेळ पोचली का, हे घरी कोण मोजणार? चाखूनही बघायचं नव्हतं. झाकण न उघडता बरणी दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्यात गेली. बरणी महागाची होती, तिची हळहळ भाचीला लसणापेक्षा जास्त वाटली.