रिकाम्या क्षमतेतला माल शेजारच्या विभागाला कितीला द्यायचा?

एकाच कंपनीचे दोन विभाग. एक माल बनवतो, दुसरा तो वापरून पुढची वस्तू करतो. पुरवठा करणाऱ्या विभागाची यंत्रं पूर्ण वेळ चालत नसतील, तर शेजाऱ्याला दिलेल्या मालाची कमीत कमी किंमत किती असावी? कॉस्टिंगचं उत्तर छोटं आहे. तो माल बनवायला जो जादा खर्च येईल, म्हणजे कच्चा माल, वीज आणि कामानुसार वाढणारी मजुरी, तेवढीच. भाडं, घसारा, पगारी कर्मचारी हा खर्च माल बनवला नाही तरी होणारच असतो, आणि बाहेरचं कोणतंही गिऱ्हाईक यामुळे हातचं जात नाही. हे उत्तर शंभर वर्षांहून जुन्या विचारातून आलं आहे. तरीही कंपन्यांत यावरून आजही भांडणं होतात, आणि ती का होतात हे या विषयाच्या इतिहासात दिसतं.

जर्मनीत कोलोनला शिकवणाऱ्या ऑयगेन श्मालेनबाख यांनी १९०८-०९ च्या सुमाराला अंतर्गत हिशेबाच्या किमतींवर लिहिलं. स्थिर खर्च आणि उत्पादनाबरोबर वाढणारा, म्हणजे चल, खर्च वेगळा काढण्याचं त्यांचं काम त्याआधीपासून चालू होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी हा विचार पूर्ण नियमाच्या रूपात मांडला. क्षमता शिल्लक असेल तर किंमत जादा खर्चाइतकी ठेवावी, आणि क्षमता अपुरी पडू लागली की त्या मालाच्या सर्वांत किफायतशीर वापरातून जे मिळालं असतं त्यावरून ती ठरवावी. थोडक्यात, किंमत क्षमतेच्या स्थितीप्रमाणे बदलत राहावी.

अमेरिकेत उद्योगाने वेगळी वाट धरली. जनरल मोटर्समध्ये सुटे भाग बनवणारे विभाग आपला माल मोटारींच्या विभागांना खर्च अधिक ठरावीक टक्के नफा या हिशेबाने देत. यामुळे महागडं काम करणारा विभागही सुरक्षित राहतो, हे कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांना खटकलं. प्रत्येक विभागाने आपल्या भांडवलावर खरोखर काय कमावलं हे दिसायचं, तर अंतर्गत किंमत बाजारभावाशी बांधली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच काळात कंपनीचा पैशाचा कारभार पाहणारे डोनाल्डसन ब्राउन आणि अल्बर्ट ब्रॅडली यांनी किमतीचा पाया म्हणून सरासरी वर्षाचं, म्हणजे क्षमतेच्या सुमारे ८० टक्के, उत्पादन धरायची पद्धत बसवली. एखाद्या वर्षी यंत्रं रिकामी राहिली तरी त्यामुळे किंमत हलू नये, हा त्यामागचा हेतू. मोटारींच्या किमतीसाठी तो शहाणपणाचा होता. पण आज यंत्रं उभी असताना शेजाऱ्याचं हे एक काम घ्यावं की नाही, या प्रश्नाला ती पद्धत उत्तर देत नाही.

दोन्ही विचारांची गाठ १९५० च्या दशकात पडली. १९५५ मध्ये अर्थतज्ज्ञ जोएल डीन यांनी विभागांनी बाहेरच्यांशी करतात तशी आपसात घासाघीस करून किंमत ठरवावी, असं मांडलं. पुढच्याच वर्षी अर्थतज्ज्ञ जॅक हर्शलायफर यांनी गणिताने दाखवलं, की मधल्या मालाला खुली स्पर्धात्मक बाजारपेठ असेल तर बाजारभाव बरोबर, नाहीतर किंमत पुरवठादार विभागाच्या सीमांत खर्चाइतकी, म्हणजे आणखी एक नग बनवायला येणाऱ्या खर्चाइतकी हवी.

हा वाद सगळ्यात स्वच्छ समजतो तो हार्वर्डमध्ये त्याच दशकात शिकवायला घेतलेल्या ‘बर्च पेपर’ या कंपनीच्या उदाहरणातून. नॉर्दर्न विभागाला खोकी हवी होती. त्याने तीन दर मागवले. कंपनीच्याच थॉम्पसन विभागाने हजार खोक्यांना ४८० डॉलर सांगितले, तर बाहेरच्या वेस्ट पेपरने ४३० आणि आयरी पेपर्सने ४३२. नॉर्दर्नच्या प्रमुखाचं मोजमाप त्याच्या विभागाच्या नफ्यावर होतं. साहजिकच त्याला वेस्ट हवं होतं.

आता आतला हिशेब बघू. थॉम्पसनच्या ४८० पैकी प्रत्यक्ष जादा खर्च ४०० होता. त्यातले ७० टक्के, म्हणजे २८० डॉलर, कागदासाठी कंपनीच्याच सदर्न विभागाला जायचे. सदर्नने दर बाजारभावाने लावला होता, पण त्याचा स्वतःचा जादा खर्च विक्री किमतीच्या ६० टक्केच, म्हणजे १६८ डॉलर होता. सदर्न आणि थॉम्पसन दोघंही क्षमतेपेक्षा कमी चालत होते. तेव्हा कंपनीच्या तिजोरीतून हजार खोक्यांमागे खरोखर बाहेर जाणारे पैसे होते थॉम्पसनचे स्वतःचे १२० आणि सदर्नचे १६८, मिळून २८८. वेस्टला द्यावे लागणार होते ४३०. आयरी त्या कामाचा थोडा कागद सदर्नकडून घेणार होती आणि छपाई थॉम्पसनकडून करून घेणार होती. त्यात सदर्नला ३६ आणि थॉम्पसनला ५ डॉलर सुटत, म्हणून आयरीचा खरा भार ३९१. कंपनीला सर्वांत स्वस्त पर्याय घरचाच होता, वेस्टपेक्षा १४२ डॉलरने. नॉर्दर्नच्या वहीत मात्र तो सर्वांत महाग दिसत होता.

ही गफलत होते कशी, ते मला या विषयाचं मर्म वाटतं. सदर्नच्या २८० मधले ११२ डॉलर हे त्याचे स्थिर खर्च आणि नफा. पण कागद थॉम्पसनच्या दारात आला की थॉम्पसनसाठी ते सगळे २८० चल खर्च झाले. थॉम्पसनने त्यात स्वतःचे १२० धरून वर आपले ८० चढवले, आणि नॉर्दर्नला पूर्ण ४८० चल खर्च दिसू लागला. विभागांची साखळी जितकी लांब, तितका हा फुगवटा मोठा, आणि शेवटच्या माणसाला त्यातलं काहीच दिसत नाही. एका विभागाची यंत्रं उभी आणि दुसरा तोच माल बाहेरून घेतोय, असं दिसलं की आधी हा फुगवटा तपासावा.

मग सदर्नने १६८ ला कागद द्यावा का? तसं केलं तर कंपनीचा निर्णय बरोबर येतो, पण सदर्नच्या प्रमुखाच्या हाती काहीच लागत नाही. उद्या तो शेजाऱ्याच्या कामाला मागे ढकलेल. म्हणून १६८ हा फक्त तळ. समजा सदर्नने २४० घेतले, तर त्याला ७२ सुटतात. थॉम्पसनचा खर्च ३६० होतो, आणि वेस्टशी बरोबरी करून ४३० ला दिलं तरी त्याला ७० उरतात. १४२ ची बचत दोघांत वाटली जाते आणि नॉर्दर्नलाही तोटा नाही. डीन यांची घासाघीस इथे कामाला येते, अट एवढीच की दोघांना तळ आणि छत, म्हणजे बाहेरचा दर, दोन्ही माहीत असावेत. पुढे आणखी दोन वाटा निघाल्या. एक, विकणाऱ्याच्या वहीत बाजारभाव आणि घेणाऱ्याच्या वहीत चल खर्च असे दोन दर लावून फरक मुख्यालयाने सोसायचा. दुसरी, नगामागे चल खर्च आणि राखून ठेवलेल्या क्षमतेसाठी दरवर्षी ठोक रक्कम. नियमित पुरवठ्याला दुसरी वाट मला जास्त टिकाऊ वाटते. पहिलीत दोन्ही विभागांचा नफा कागदावर फुगतो आणि खर्च कमी करायची निकड कोणालाच उरत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक आकडा आला. स्वतःच्याच पुढच्या उत्पादनात वापरलेल्या मालाचं मूल्य केंद्रीय उत्पादन शुल्कासाठी उत्पादन खर्चाच्या ११५ टक्के, आणि २००३ पासून ११० टक्के धरलं जाई. जीएसटी येईपर्यंत हे चाललं. त्या खर्चात कारखान्याचे स्थिर खर्चही येत. शुल्क भरायला तो आकडा योग्यच होता, पण तोच विभागांमधला दर म्हणून वापरला, तर रिकामी यंत्रं असतानाही घरचा माल महाग दिसणार.

तळाच्या नियमालाही मर्यादा आहे. क्षमता खरंच रिकामी आहे का, आणि किती दिवस? सदर्नला हाच कागद पुढच्या महिन्यात बाहेर बाजारभावाने विकता येणार असेल, तर शेजाऱ्याला दिलेल्या मालावर ते ११२ डॉलर बुडतात, आणि तळ १६८ वरून थेट २८० वर जातो. मागणीचा थोडाच भाग रिकाम्या क्षमतेत बसत असेल, तर तेवढ्यालाच १६८ लागू, उरलेल्याला २८०. दुसरी पाळी सुरू करावी लागली, तर तिचा खर्चही जादा खर्चातच धरावा लागतो. आणि करार वर्षभराचा असेल, तर आजची रिकामी यंत्रं पाहून वर्षाचा दर बांधू नये. प्रत्येक तिमाहीला क्षमतेचा आढावा घेऊन तळ नव्याने मांडायची अट करारातच लिहून घ्यावी.