चिडलेला ग्राहक आणि धास्तावलेला ग्राहक: दोघांना एकच 🙏 पाठवू नका

पुण्यात खराडीतल्या ज्या कस्टमर सपोर्ट टीमचे चॅट मी तपासते, तिथे नवीन आलेल्या मुलांचा पहिल्या आठवड्यातला एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, कस्टमर चिडला असेल तर कुठला इमोजी चालेल?" याचं उत्तर त्यांना आधीच माहीत असतं, फक्त खात्री करून घ्यायची असते. घाबरलेल्या ग्राहकाबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. कारण टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये दोघं एकाच नावाखाली असतात, 'अपसेट कस्टमर'. धास्तावलेला माणूस म्हणजे थोडा कमी चिडलेला माणूस, असं गृहीत धरून सगळी स्क्रिप्ट लिहिलेली असते. मी गेली काही वर्षं तपासलेल्या बिघडलेल्या चॅटपैकी बहुतेक चॅट इथेच बिघडलेले दिसले.

चिडलेल्याचं आधी उरकून घेते. त्याला इमोजी पाठवायचा नाही. 😊 नाही, 😔 नाही, आणि 😅 तर कधीच नाही, कारण तो घाम पुसत हसणारा चेहरा 'सांभाळून घ्या हो' असं म्हणतो आणि समोरचा नेमकं तेच करायला तयार नसतो. ऑनलाइन सेवेतल्या इमोटिकॉन्सवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, ते वापरणारा कर्मचारी ग्राहकाला जास्त प्रेमळ वाटतो, पण कामात कमी तरबेजही वाटतो. चिडलेल्या माणसाला आपल्या प्रेमाची गरज नसते. समोरच्याला काम येतं का, एवढंच तो बघत असतो. हे सगळ्यांना पटतं, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आता धास्तावलेला. पडद्यावर तो चिडलेल्यासारखाच दिसतो, घोटाळा तिथून सुरू होतो. दोघंही एकापाठोपाठ एक चार मेसेज टाकतात, दोघंही तीन-तीन प्रश्नचिन्हं देतात, दोघंही 'पैसे गेले' असंच लिहितात. मेसेजवरून ग्राहकाचा मूड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा लाल ठिपका दोघांच्याही नावापुढे लागतो. त्या ठिपक्यावर मी विसंबत नाही, वाक्याचा काळ बघते. चिडलेला भूतकाळात बोलतो आणि 'तुम्ही'ने बोलतो: तुम्ही सांगितलं होतं, तिसऱ्यांदा सांगतोय, कुणी फोन केला नाही. धास्तावलेला भविष्यकाळात बोलतो आणि वाक्याच्या शेवटी 'ना' लावतो: परत येतील ना, दुसऱ्यांदा कट होणार नाहीत ना, हे दाबलं तर काही बिघडणार नाही ना. हा 'ना' मराठीने सपोर्टवाल्यांना दिलेली फार मोठी सोय आहे. इंग्रजी चॅटमध्ये अंदाज बांधावा लागतो, इथे माणूस स्वतःच सांगून टाकतो. चिडलेल्याला काय बिघडलं ते माहीत असतं आणि ते आपण कबूल करावं असं त्याला वाटतं. धास्तावलेल्याला काय झालंय हेच माहीत नसतं. म्हणून एकाला कबुली लागते आणि दुसऱ्याला स्थिती लागते.

इमोजीचा प्रश्न इथेच सुटतो. घाबरलेला माणूस आपल्या शब्दांआधी आपला चेहरा वाचतो. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टर दार उघडून बाहेर येताना आधी कुठे बघतात? चॅटमध्ये तो चेहरा म्हणजे इमोजी. 'आम्ही तपासत आहोत 😔' असं लिहिलं की 'तपासत आहोत' हे शब्द बाजूला राहतात आणि पडलेला चेहरा तेवढा पोहोचतो. म्हणजे पैसे गेलेच. एजंटला सहानुभूती दाखवायची असते, समोर वाईट बातमी पोहोचते. पुढच्या मेसेजला तो माणूस आणखी घाबरून लिहितो, एजंट आणखी मऊ इमोजी टाकतो, आणि चॅट चाळीस मेसेजांवर जातं.

एक उदाहरण सविस्तर घेते. यूपीआयने दुकानात किंवा हॉस्पिटलमध्ये पैसे भरले, खात्यातून वजा झाले, पण समोर पोहोचल्याची खूण आली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता. नियम दोघांनाही हाच, तक्रार दोघांचीही हीच.

पहिल्या बाई एरंडवण्यातल्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवरून लिहितायत. आईच्या ॲडमिशनचे १८,००० वजा झाले, पावती आली नाही. "पैसे परत येतील ना??? आता परत भरू का???" आमच्या जुन्या टेम्प्लेटचं उत्तर असं होतं: "गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत 😔🙏 कृपया धीर धरा 😊". एका ओळीत तीन इमोजी आणि माहिती शून्य. आता आम्ही असं लिहितो:

"✅ १८,००० रुपयांचा व्यवहार आम्हाला दिसतोय.
⏳ हॉस्पिटलच्या खात्यात पोहोचल्याची नोंद अजून आलेली नाही.
लगेच परत भरू नका. काउंटरवर १२ आकडी यूटीआर नंबर दाखवून पैसे जमा दिसतात का ते विचारा. दिसत नसतील आणि व्यवहार पूर्ण झाला नाही, तर रक्कम पाच दिवसांत आपोआप तुमच्या खात्यात येईल. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही."

यात माफी नाही, आणि ती मुद्दाम नाही. त्या बाईंनी अजून आपल्याला दोष दिलेला नाही. दोष नसताना माफी मागितली की त्यांना वाटतं, यांनी काहीतरी घालवलंय.

दुसरे गृहस्थ मार्केट यार्डातले. त्यांनी मागच्या सोमवारी फर्निचरचे पैसे भरले, आज पुढचा सोमवार. "सात दिवस झाले, दोनदा चॅट केलं, तुम्ही लोक नुसतं कॉपी-पेस्ट करता." मुदत शनिवारी संपली, वर रविवार आणि सोमवार असे दोन दिवस गेले. त्यांना लिहायचं ते हे: "पैसे शनिवारपर्यंत यायला हवे होते, आले नाहीत. मागच्या दोन्ही चॅटमध्ये आम्ही तुम्हाला ही तारीख सांगितली नाही, ती आमची चूक. आजपर्यंतच्या उशिराचे २०० रुपये तुम्हाला देय आहेत." आणि पुढे बँकेकडे काय पाठवलं, कधी पाठवलं, ते. इमोजी एकही नाही. ✅ सुद्धा नाही, कारण सातव्या दिवशी हिरवी खूण बघून माणूस विचारतो, झालंय काय की तुम्ही बरोबरची खूण करताय?

आता 🙏. यावरून माझे सर्वात जास्त वाद होतात. "मॅडम, हा तर आपला नमस्कार, याने काय बिघडतं?" युनिकोडमध्ये २०१० साली तो आला तेव्हा त्याचं नाव नुसतं 'हात जोडलेली व्यक्ती' असं ठेवलं गेलं. ते हात कशासाठी जोडलेत, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. आणि मराठी वाचणाऱ्याजवळ त्याचे फार अर्थ आहेत. नमस्कार आहे, विनंती आहे, आभार आहेत, माफी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की खाली ओळीने पडतात तेही हेच हात. आणि 'तुम्हाला कोपरापासून नमस्कार' हाही त्यातलाच. मार्केट यार्डातल्या गृहस्थांना "नियमानुसार थांबावं लागेल 🙏" असं लिहिलं, तर ते हा शेवटचा अर्थ घेणार: हात जोडतो, आता पुरे करा. हॉस्पिटलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या बाईंना नुसता 🙏 गेला, तर त्यांच्या मनात कुठला अर्थ आधी येईल, ते लिहायलाही मला बरं वाटत नाही. त्यात व्हॉट्सॲपवर एकटा पाठवलेला इमोजी मोठा होऊन दिसतो. लिहिणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो, पण दुखावलेला किंवा घाबरलेला माणूस या सगळ्यांतला सर्वात वाईट अर्थ उचलतो. म्हणून टेम्प्लेटमध्ये 🙏 कुठेही ठेवायचा नाही, हे मी आग्रहाने सांगते.

एक अपवाद मी ठेवलाय. काम झाल्यावर ग्राहकाने स्वतः "धन्यवाद 🙏" लिहिलं, तर एजंटने हाताने टाइप करून 🙏 परत द्यावा. कुणी नमस्कार केला तर आपण करतोच. तिथे अर्थ ग्राहकानेच ठरवलेला असतो. बाकी ग्राहकाचा इमोजी परत करायचा नाही. त्याने 😭 पाठवला म्हणून आपण रडायचं नसतं.

राहिल्या खुणा. ✅ फक्त सिस्टममध्ये दिसणाऱ्या, घडून गेलेल्या गोष्टीपुढे. "✅ उद्यापर्यंत पैसे येतील" असं लिहिणाऱ्याचे गुण मी कापते, कारण ते वचन आहे आणि खूण वस्तुस्थितीची आहे. बाईंनी तो मेसेज काउंटरवर दाखवला आणि पैसे आले नाहीत, तर पुढच्या चॅटमध्ये त्या चिडलेल्याच येणार. ⏳ मध्ये वाळू अजून पडतेय, ⌛ मध्ये ती पडून संपलीय. फरक बारीक आहे, तरी पहिलाच घ्या. ⚠️ आणि ❗ घाबरलेल्या माणसाला नकोत, 'लगेच परत भरू नका' हे शब्दांत पुरेसं कळतं. एका मेसेजमध्ये दोन खुणा पुरे. डोळ्यांनी न बघता स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला प्रत्येक इमोजीचं नाव वाचून दाखवलं जातं, आणि मधे मधे ती नावं आली की रकमेचा आकडा निसटतो.

हा फरक चॅट सुरू होताना एकदा करून भागत नाही. त्याच बाई बाराव्या मिनिटाला लिहितात, "काउंटरवाले म्हणतात जमा नाही, तुम्ही मगाशी दिसतंय म्हणालात." 'ना' गेला, 'तुम्ही' आला, वाक्य भूतकाळात गेलं. या मेसेजपासून ✅ आणि ⏳ दोन्ही काढायचे आणि साधं लिहायचं: "दिसतंय म्हणालो ते तुमच्या खात्यातून वजा झाल्याबद्दल होतं. हॉस्पिटलपर्यंत पोहोचल्याचं नाही. हे मी तेव्हाच स्पष्ट लिहायला हवं होतं."