किंमत ठरवतो तो हरणारा

चढत्या बोलीच्या लिलावात वस्तूची किंमत जिंकणारा ठरवत नाही. ती ठरवतो त्याच्या आधी थांबलेला माणूस. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी 1961 साली लिलावांचं गणित मांडलं, त्यात हे अगदी स्पष्ट दिसतं. एखाद्याची वीस हजार द्यायची तयारी असली, पण त्याच्याशी भिडणारा आठ हजारांवर थकला, तर वस्तू आठ हजारांच्या जरा वर जाते आणि उरलेले जवळजवळ बारा हजार त्याच्या खिशातच राहतात. म्हणून चांगला लिलाव पुकारणारा मनातून सगळं बोलतो ते दुसऱ्या नंबरच्या माणसाशी.

कोल्हापूरकरांना बोली नवी नाही. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. पण तिथं समोर व्यापारी असतात, त्यांना भाव पाठ असतो आणि कुणाला रंगात आणायची गरज नसते. मदतनिधीच्या लिलावातली मंडळी वेगळी. ती नातेवाइकांबरोबर आलेली असतात, हात वर करायला लाजतात, आणि समोरच्या वस्तूची खरी किंमत कुणालाच नेमकी माहीत नसते. इथं पुकारणाऱ्याच्या तोंडावर बरंच अवलंबून असतं.

समजा, दसरा चौकातल्या एखाद्या सभागृहात वसतिगृहाच्या वाचनालयासाठी लिलाव चाललाय. टेबलावर रंकाळ्याचं जलरंगातलं चित्र आहे, दुकानात सात-आठ हजारांना जाईल असं. पुकारणारा दोन हजारांपासून सुरुवात करतो. इतक्या खालून का? कमी आकड्यावर हात पटकन वर होतात, आणि एकदा हात वर केलेला माणूस त्या वस्तूत गुंतत जातो. मात्र हे गर्दीतच चालतं. खोलीत त्या चित्राचे दोनच चाहते असतील, तर खालून सुरू केलेली बोली खालीच मरते.

आता पाच-सहा हात वर आहेत. नवखा माणूस इथं गडबडतो आणि सगळ्यांकडे बघून विचारतो, "कोण वाढवणार? बोला, कुणीतरी बोला!" सगळ्यांना विचारलेल्या प्रश्नाला कुणीच उत्तर देत नाही. जाणकार पुकारणारा कुस्तीच्या मैदानासारखी आधी जोड लावतो. डावीकडचे गुळाचे अडत व्यापारी आणि उजवीकडच्या डॉक्टरबाई, बस्स. बाकीचे हात त्याला दिसतात, पण तो त्यांच्याकडे बघत नाही. जोडीतला एक थांबला की मगच नव्या हाताकडे वळतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन हीथ यांनी लिलावांची चित्रफीत घेऊन बारकाईनं अभ्यास केला, त्यातही हीच घडण सापडली: एका वेळी दोघंच, सारख्या टप्प्यानं, आळीपाळीनं.

व्यापाऱ्यांना तो मालक म्हणतो, डॉक्टरबाईंना ताई. त्याचं बोलणं ऐका.

"दोन हजार मालकांचे! अडीच, ताई? अडीच आले. तीन, मालक, तीन? तीन आले. साडेतीन, ताई, साडेतीन, साडेतीन... आले! चार, मालक?"

यात आलेल्या आकड्यापेक्षा मागितलेला आकडा जास्त वेळा कानावर पडतो. डॉक्टरबाईंनी हात करायच्या आतच "साडेतीन" तीनदा ऐकलेलं असतं, त्यामुळे तो परका वाटत नाही. दुसरं म्हणजे, प्रत्येक वाक्य एकाच माणसाकडे, तळहात उघडा करून, प्रश्न म्हणून जातं. दहा भाषांतल्या गप्पांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत माणसं सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच वेळ घेतात, असं त्यात दिसलं. उत्तर लांबलं की ते टोचायला लागतं, ऐकणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. पुकारणारा हीच टोचणी प्रत्येक फेरीत वापरतो. हिशेब करायला वेळ लागतो, मान हलवायला लागत नाही.

आणि तेच ते शब्द का? न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ कोनराड कायपर यांनी लिलावकर्त्यांचं बोलणं तपासलं, तर ते बहुतेक ठरीव वाक्यांच्या साच्यांतून घडलेलं निघालं. त्यामागचं कारण डोक्यातल्या जागेचं आहे. पुढचा आकडा, कुणाची पाळी, कोण चुळबुळतंय, कोण बायकोकडे बघतंय, हे सगळं एकदम सांभाळायचं तर वाक्यं जुळवायला मन मोकळं राहत नाही. साचा तोंडात बसलेला असला की डोळे मोकळे होतात. पुकारणारा विनोद शोधायला लागला की हमखास एक हात निसटतो. माझ्या मते विनोद दोन वस्तूंच्या मधे करावेत, बोली चालू असताना नाही.

आता टप्प्याची गंमत बघा. पाचशेच्या टप्प्यानं मालकांकडे पूर्ण हजार येतात आणि ताईंकडे साडेतीन, साडेचार असे अर्धे. लोक आपली मर्यादा गोल आकड्यात ठरवून येतात. समजा, ताईंची दहा हजार आहे आणि मालकांची बारा. असंच चालू राहिलं तर ताई साडेनऊ म्हणतील, मालक दहा हजार म्हणतील, आणि ताईंना आता साडेदहा मागावे लागतील. त्या थांबणार. चित्र दहा हजारांना गेलं.

पण मालकांचे पाच हजार आल्यावर पुकारणाऱ्यानं टप्पा हजाराचा केला तर? ताई सहा, मालक सात, ताई आठ, मालक नऊ, ताई दहा. आता गोल आकडा ताईंच्या वाट्याला आला. मालकांना अकरा म्हणावेच लागतात. माणसं तीच, मर्यादा त्याच, हजार रुपये वाढले. मर्यादा पुकारणाऱ्याला ठाऊक नसतात. पण दहा हजारांवर कुणीतरी अडणार, एवढा अंदाज तो बांधू शकतो. एरवी टप्पा चालू बोलीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवतात. पाच हजारांवर हजार म्हणजे उडी मोठीच, ती खोली तापलेली असेल तरच मारावी.

मालकांच्या अकरावर ताईंनी नकाराची मान हलवली की टप्पा मोडता येतो: "बारा नको ताई, साडेअकरा?" हे एका वस्तूला एकदाच. सारखं केलं की सगळी खोली थांबायला शिकते, अर्ध्या टप्प्याची वाट बघत.

मग आवाज खाली येतो. "अकरा हजार एक वार... अकरा हजार दोन वार..." इतका वेळ न थांबलेला माणूस इथं पहिल्यांदा थांबतो, आणि त्या शांततेत ताईंना आणखी एकदा ठरवावं लागतं. ती लांबवली तर मात्र हवा जाते.

शिकागोत 1999 साली रंगवलेल्या गायींचे पुतळे शहरभर मांडून नंतर मदतनिधीसाठी विकले गेले. त्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या गिलियन कू आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की शेवटी थोडे प्रतिस्पर्धी उरणं, वेळेची घाई आणि बघणारे लोक, या तिन्हींमुळे माणसं ठरवलेल्या मर्यादेच्या पुढे जातात. म्हणजे जोड लावणं, न थांबणारं बोलणं आणि भरलेलं सभागृह. पुकारणाऱ्याच्या हातात यातल्या पहिल्या दोन गोष्टी असतात.

यातूनच धोका निघतो. जोडीतला दुसरा माणूस नसताना तो आहे असं भासवून भिंतीकडे हात करणारे पुकारणारे असतात. खरा बोलीदार तिथंच थांबला, तर वस्तू भिंतीच्या गळ्यात पडते आणि खोलीला कळून चुकतं. पुढच्या वस्तूला हात वर होत नाहीत. दुसरं, तापलेल्या डोक्यानं दिलेला आकडा दुसऱ्या दिवशी जड वाटतो. म्हणून तिसऱ्या वारानंतर लगेच एक कार्यकर्ता वही घेऊन मालकांपाशी पोचलेला असावा: वस्तू, आकडा, सही. तोवर पुकारणाऱ्यानं पुढची वस्तू उचललेली असते.